मग क्रिंज कोण, उखाणा की मामा?

आईचं पत्र बंगळूरच्या वसतिगृहात पोहोचलं, तेव्हा माझ्या भाचीनं त्याच्या चारही पानांचे फोटो काढून मला पाठवले आणि खाली लिहिलं, ‘आत्या, आजीनं माझा पेपर काढलाय.’

पेपरच होता तो. झालं होतं असं, की दिवाळीनंतर वाईला, आमच्या घरी, भाचीच्या थोरल्या भावाचा साखरपुडा झाला. माजघरात बायका, ओटीवर पुरुष आणि मधल्या खोलीत गादीवर लोळत पडलेली सात-आठ मुलं. आई मधल्या खोलीच्या दाराशी पानसुपारीचं तबक लावत बसली होती. तिला ऐकू चांगलं येतं. मुलांना ते लक्षात राहत नाही. त्या संध्याकाळी तिच्या कानावर दोन शब्द पुन्हा पुन्हा पडले. एक ‘व्हाइब’ आणि दुसरा ‘क्रिंज’. पैकी क्रिंज हा शब्द मुलांच्या मामाविषयी होता. मामानं जेवणाआधी उभं राहून मामीच्या नावाचा सोळा ओळींचा उखाणा घेतला होता. दर चार ओळींनंतर थांबून तो मुलांकडे बघायचा, टाळ्यांसाठी.

पुढं भाचीनं बंगळूरला गेल्यावर आजीला हातानं एक पत्र लिहिलं. त्यात वाक्य होतं : ‘तुझ्या घराची व्हाइब इथं कुठंच नाही.’ आता शब्द लिखित स्वरूपात हातात आला. आईनं उत्तराला बसायला आठवडा घेतला.

‘आशीर्वाद, विशेष. तुझं पत्र मिळालं. घराची व्हाइब म्हणजे घराचं काय, ते कळलं नाही. तुझ्या बाबाला विचारलं तर म्हणाला, वातावरण. ते मला पटलं नाही. वातावरण म्हणायचं असतं तर तू वातावरण म्हणाली असतीस, तुला मराठी येतं. दुसरा शब्द क्रिंज. तुम्ही तो मामाला लावलात. त्याचा अर्थ बाबानं सांगितला, लाजिरवाणं. तेही मला पटलं नाही, कारण मामा लाजला नव्हता. म्हणून तुला अर्थ विचारत नाही. खाली मी काही प्रसंग लिहिते. त्यातला कुठला क्रिंज आणि कुठला नाही, तेवढं लिहून पाठव. का ते जमलं तर लिही.’

मी भाषा शिकवते. अनोळखी भाषेतल्या शब्दाचा अर्थ काढताना अभ्यासक नेमकं हेच करतात, हे मला माहीत आहे. बोलणाऱ्याला अर्थ विचारला की तो जवळचा एखादा दुसरा शब्द देतो आणि आपली फसगत होते. त्यापेक्षा शब्द कुठं चालतो आणि कुठं चालत नाही ते विचारायचं. जिथं चालत नाही त्या जागा जास्त मोलाच्या, कारण शब्दाची हद्द तिथं दिसते. आईला हे कोणी शिकवलेलं नाही. तिनं पन्नास वर्षं सुनांना आणि लेकींना मीठ ‘बेताचं’ म्हणजे किती ते शिकवलं, त्यातून आलेली ही रीत असावी.

प्रसंग असे होते. एक : मी सगळ्यांदेखत पायरीवरून घसरून पडले. दोन : शेजारीण कामाच्या बाईला चार माणसांत टाकून बोलली. तीन : चार वर्षांचं पोर पाहुण्यांसमोर बेसूर गाणं म्हणतं. चार : पंचेचाळीस वर्षांचा माणूस तेच गाणं तसंच बेसूर म्हणतो, डोळे मिटून. पाच : तोच माणूस न्हाणीघरात दार लावून गातो. सहा : मी मॅट्रिकला असताना वहीत कविता लिहिल्या होत्या, त्या परवा सापडल्या आणि वाचल्या. सात : आमटी खारट झाली.

भाचीनं उत्तरं लिहिली ती मी पाहिली आहेत. पहिला प्रसंग क्रिंज नाही, त्यात काळजी वाटते किंवा हसू येतं. दुसरा नाही, तिथं राग येतो. तिसरा अजिबात नाही, ते गोड. पाचवा नाही. सातवा तर नाहीच, ‘आजी, आमटी कधीच क्रिंज नसते’. चौथ्यावर तिनं अर्धं पान लिहिलं. त्या माणसाला आपण बेसूर आहोत हे माहीत असेल आणि तो हसत हसत गात असेल तर क्रिंज नाही, उलट मजा. पण आपण फार छान गातोय असं त्याला मनापासून वाटत असेल आणि ऐकणाऱ्यांना तसं वाटत नसेल, तर हो. आणि सहावा? ‘तो सगळ्यांत जास्त क्रिंज. स्वतःचं जुनं लिहिलेलं वाचण्याइतकं क्रिंज जगात काही नाही.’

ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की शब्दाचा आकार दिसायला लागतो. कोणीतरी काहीतरी करून दाखवतंय. त्यात त्याची मेहनत आहे, इच्छा आहे. ते जमतंय असा त्याचा विश्वास आहे. बघणाऱ्याला मात्र दिसतंय की जमत नाहीये. करणाऱ्याला जी लाज वाटायला हवी होती, ती त्याला वाटत नाही आणि बघणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून न्हाणीघरातलं गाणं सुटलं : बघणारा नाही. चार वर्षांचं पोर सुटलं : त्यानं जमवावं अशी अपेक्षाच नाही. आणि मॅट्रिकच्या कविता अडकल्या, कारण लिहिणारी आणि वाचणारी एकच आहे, मधे फक्त साठ वर्षं गेलीत.

म्हणजे ‘लाजिरवाणं’ हे माझ्या भावानं दिलेलं भाषांतर का पटलं नव्हतं, ते आता सांगता येतं. मामा लाजला नव्हता. मुलं लाजली होती, मामाच्या वतीनं. आपल्याकडे ‘जनाची नाही तर मनाची तरी’ असं म्हणतात. त्यात लाजेचे दोन प्रकार आहेत, लोकांपुढची आणि स्वतःपुढची. ही तिसरी, दुसऱ्याच्या वाटणीची लाज. तिच्यासाठी मराठीत एक शब्द नाही, अख्खं वाक्य लागतं : ‘त्याला काही वाटत नव्हतं, पण मलाच मान खाली घालावीशी वाटली.’ स्पॅनिशमध्ये हिला सरळ ‘परकी लाज’ म्हणतात. जर्मन भाषेत परका आणि लाजणं हे दोन शब्द जोडून ‘फ्रेम्डशेमन’ असं क्रियापद केलं आहे, आणि ऑस्ट्रियात 2010 साली ते वर्षाचा शब्द म्हणून निवडलं गेलं. तेव्हा मुलांना जे जाणवलं ते नवं नाही आणि उथळही नाही. त्यांना त्यासाठी सुटसुटीत शब्द हवा होता, तो इंग्रजीत तयार मिळाला.

तो इंग्रजीत कसा तयार झाला, हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं मला दोनदा थांबवलं. जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या पूर्वजाचा अर्थ होता वाकणं, आणि लढाईत कोसळणं. पुढं तो भीतीनं अंग आखडणं, धन्यापुढं लाचारीनं झुकणं असा झाला. म्हणजे क्रिंज होणारा हा दुबळा माणूस. नंतर लाचारी मागं पडली आणि आखडणं उरलं : ओशाळवाणं काही पाहिलं की आपलं अंग नकळत आवळलं जातं, खांदे वर येतात, पायाची बोटं मुडपतात, ते. आणि अगदी अलीकडं, मुलांच्या तोंडी, तो शब्द बघणाऱ्याच्या अंगातून निघून करणाऱ्याच्या अंगाला चिकटला. ‘मला क्रिंज होतं’ याचं ‘मामा क्रिंज आहे’ झालं.

आईनं पहिल्यांदा थांबवलं ते इथं. म्हणाली, ‘बोरसारखंच की.’ बरोबर होतं तिचं. ती कॉलेजात असताना मुलांमध्ये बोर हा शब्द आला. आधी ‘मला बोर झालं’, मग ‘सिनेमा बोर आहे’, मग ‘तो माणूस बोर आहे’. तिच्या सासूबाईंना बोर म्हणजे फक्त संक्रांतीच्या वाणातलं माहीत. त्या विचारायच्या, माणूस बोर कसा असेल? भावना आपल्याला होते आणि नाव समोरच्याला लागतं, असं शब्दांच्या बाबतीत पुष्कळदा घडतं. त्यात सोय आहे, आणि थोडा अन्यायही आहे. ‘मला क्रिंज होतं’ म्हणणारा स्वतःविषयी काही सांगतो. ‘मामा क्रिंज आहे’ म्हणणारा मामाविषयी निकाल देतो.

दुसऱ्यांदा थांबवलं ते अंग आखडण्यापाशी. ‘मग हा आपला संकोच झाला.’ मी गप्पच झाले. संस्कृतात संकोच म्हणजे मुळात आकसणं, मिटणं. आकुंचन याच घरातला शब्द. संध्याकाळी कमळाच्या पाकळ्या मिटतात तो संकोच. मराठीत तो शब्द शरीरातून मनात गेला आणि आपण त्याचं शरीर विसरलो. इंग्रजी क्रिंज त्याच वाटेनं गेला, फक्त त्याला आपलं शरीर अजून आठवतं. तरी दोन्ही एक नाहीत. संकोच ज्याचा त्याला होतो. क्रिंज बघणाऱ्याला होतं, आणि बहुधा संकोच जिथं व्हायला हवा होता तिथं झाला नाही म्हणून. हा फरक आईच्या मनात राहिला असावा, कारण पुढच्या पत्रात तो परत आला.

मराठीत हा शब्द इतक्या सहज रुळला त्याला आपल्या व्याकरणातही एक जागा तयार होती. मराठी विशेषणं दोन जातींची. हिरवा सदरा, हिरवी साडी, हिरवं पातळ असं एक बदलतं. लाल सदरा, लाल साडी, लाल पातळ असं दुसरं बदलत नाही. बाहेरून आलेलं विशेषण बहुतेक दुसऱ्या रांगेत बसतं. क्रिंज तिथंच बसला : क्रिंज मामा, क्रिंज कविता, क्रिंज गाणं. क्रियापद करायचं तर ‘होणं’ किंवा ‘वाटणं’ जोडायचं. ही युक्तीही जुनीच. फारसी-अरबीतून आलेले हजर, कबूल, मंजूर हे शब्द असेच ‘होणं’ आणि ‘करणं’ यांचा हात धरून आले. त्यातले काही पुढं इतके मुरले की त्यांना थेट मराठी प्रत्यय लागले. ‘बदल’ हा शब्द अरबी आहे हे ‘बदलणं’ म्हणताना कुणाच्या ध्यानात येतं? क्रिंजला अजून कोणी ‘क्रिंजणं’ म्हणत नाही. तोवर तो पाहुणा.

व्हाइबला मात्र लिंग द्यावं लागलं, कारण ते नाम. आईनं त्याबद्दल पत्रात एक ओळ लिहिली होती : ‘तू घराची व्हाइब म्हणतेस, तुझा भाऊ घराचा व्हाइब म्हणतो. आधी आपसात ठरवा.’ ठरेल हळूहळू. मी ऐकते त्यात स्त्रीलिंग जास्त आहे, बहुधा ‘लहर’, ‘हवा’ हे शेजारचे शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळं. टेबल नपुंसक, बस स्त्रीलिंगी आणि ट्रक पुल्लिंगी असे निकाल आपण कुणालाही न विचारता दिलेलेच आहेत.

व्हाइबच्या प्रसंगांना आईनं एक पूर्ण पान दिलं होतं. पहाटे घाटावर बसलं की बरं वाटतं, ती व्हाइब का? (हो.) आठवडी बाजारातली गर्दी? (ती पण, वेगळी.) दवाखान्यातला फिनेलचा वास? (वास नाही, पण तो आल्यावर जे वाटतं ते, हो.) उकाडा? (नाही.) एखाद्या माणसाला असते का? (हो, सगळ्यात जास्त.) ते अमुक स्थळ आलं होतं, मुलगा शिकलेला, घर चांगलं, सगळं चांगलं, तरी तुझ्या आत्याचं मन घेईना, ते? यावर भाचीनं तीन उद्गारचिन्हं दिली होती. ‘हो!!! ऑफ व्हाइब!’

ते स्थळ माझं होतं, 1994 सालचं. मला आठवतं, आण्णा विचारत होते की नाही म्हणायला कारण काय, आणि माझ्याकडे कारण नव्हतं. तेव्हा आई मधे पडली आणि म्हणाली, तिचं मन घेत नाही. बस. आमच्या घरात त्या शब्दांपुढं कारण मागत नसत.

भाचीला मी विचारलं की वातावरण आणि व्हाइब यांत फरक काय. तिनं विचार करून जे सांगितलं ते मला फार नेमकं वाटतं. म्हणाली, कारण देता आलं तर व्हाइब म्हणायची गरजच पडत नाही. खोली अंधारी आहे, लोक भांडतायत, एसी बंद आहे, असं सांगता येत असेल तर आपण तेच सांगतो. काहीच बोट ठेवून दाखवता येत नाही आणि तरी ठामपणे काहीतरी जाणवतं, तेव्हा व्हाइब. उकाडा म्हणूनच सुटला होता.

आता हे जाणवणं मराठीला अनोळखी आहे का? मुळीच नाही. वास्तू प्रसन्न असते. घर अंगावर येतं, खायला उठतं. एखाद्याशी तारा जुळतात, एखाद्या ठिकाणी जीव रमत नाही. बैठकीला रंग भरतो, माहोल जमतो. मराठीनं प्रत्येक प्रसंगाला वेगळं वाक्य दिलं आहे, आणि त्या वाक्यात चांगलं की वाईट हे आधीच ठरलेलं असतं. व्हाइब हा एक रिकामा डबा आहे. त्यात चांगली, वाईट, विचित्र, पावसाळी, नव्वदच्या दशकातली, काहीही भरता येतं. बोलायला सोपा, म्हणून मुलांनी उचलला. तरी मला या सोयीची चिंताही वाटते. ‘घर खायला उठतं’ या शब्दांत घराला दात आहेत. ‘व्हाइब चांगली नाही’ म्हटलं की ते दात दिसेनासे होतात. भाचीला दोन्ही येतं. तिच्या मुलांना दोन्ही येईल का, याची काळजी मी करते आणि ती करणं योग्य आहे असं मला वाटतं.

व्हाइब हा व्हायब्रेशन या शब्दाचा तुकडा. लॅटिनमधल्या थरथरणं, हलवणं अशा अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. विसाव्या शतकात अमेरिकेत व्हायब्राफोन नावाचं धातूच्या पट्ट्यांचं वाद्य आलं, त्यालाही जाझ वाजवणारे लाडानं व्हाइब्ज म्हणत. पण माणसाकडून माणसाला न बोलता पोहोचणारी थरथर या अर्थानं शब्द पसरला तो 1960 नंतरच्या दशकात. बीच बॉइज या अमेरिकन गटाचं ‘गुड व्हायब्रेशन्स’ हे गाणं 1966 सालचं. ते रचणाऱ्या ब्रायन विल्सननं सांगितलं आहे की ही कल्पना त्याला लहानपणी आईकडून मिळाली. कुत्री काही माणसांवर भुंकतात आणि काहींवर नाही, कारण त्यांना माणसांची कंपनं कळतात, असं तिनं त्याला सांगितलं होतं. हे ऐकून आई म्हणाली, ‘मग ती बाई माझ्यासारखीच.’ आमच्या जुन्या वाड्यात मोती नावाचं कुत्रं होतं आणि ते एका विमा एजंटावर सतत भुंकायचं. आईनं त्याच्याकडून कधी पॉलिसी घेतली नाही.

त्या लॅटिन क्रियापदाचं नातं संस्कृतातल्या ‘वेप्’ या धातूशी लावलं जातं. वेपते म्हणजे तो थरथरतो. त्यावरून वेपथु, म्हणजे कंप. आईला गीतेचे अठरा अध्याय पाठ आहेत, गीता मंडळात पंचवीस वर्षं जाते आहे. मी वेपथु म्हटल्याबरोबर ती म्हणाली, ‘पहिला अध्याय.’ अर्जुनाला दोन्ही सैन्यं दिसतात, आपलीच माणसं दोन्हीकडे दिसतात आणि तो कृष्णाला आपल्या शरीराचं सांगू लागतो : गात्रं गळतायत, तोंड कोरडं पडतंय, अंग कापतंय, काटा येतोय. कारणं तो नंतर देतो. त्याच्या अंगाला आधी कळतं. भरताच्या नाट्यशास्त्रातही वेपथु आहे, आठ सात्त्विक भावांपैकी एक. मनात जे दाटलं ते शरीरावर आपोआप उमटतं आणि समोरच्यापर्यंत पोहोचतं ते हे भाव. आईला हे नातं कळल्यापासून व्हाइब हा शब्द ती जवळच्या माणसासारखा वागवते. मला त्यात काही गैर दिसत नाही. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले चुलत आहेत ते.

आता पत्राच्या शेवटच्या भागाकडे येते. खरं पत्र त्यासाठीच लिहिलं होतं.

‘तुम्ही मामाला क्रिंज म्हणालात त्याचं मला वाईट वाटलं. तो उखाणा त्यानं चार दिवस बसून लिहिला, तुझी मामी सांगत होती. त्याला जमला नसेल. पण मनापासून केलेलं न जमणं यालाच तुम्ही नाव ठेवता, असं तुझ्या उत्तरावरून निघेल अशी मला शंका आहे. तसं असेल तर तुमच्यात कोणाला मनापासून काही करायचं असेल, तर त्यानं ते कुठं करायचं? आणि दुसरं विचारते. क्रिंज काय होतं, उखाणा की मामा? उखाणाच क्रिंज असेल तर मी पन्नास वर्षं घेते आहे.’

पहिल्या प्रश्नाला भाचीचं उत्तर प्रामाणिक होतं, आणि ते वाचून मी अस्वस्थ झाले. तिनं लिहिलं, ‘बंद खोलीत करायचं. किंवा आधीच स्वतःवर हसून मग करायचं, म्हणजे कोणी म्हणायच्या आत आपणच म्हटलेलं असतं.’ तिच्या वर्गातल्या एका मुलीनं गाणं सोडलं ते याच शब्दामुळं, असंही तिनं लिहिलं होतं. तिच्या गाण्याचा व्हिडिओ वर्गाच्या गटात फिरला आणि खाली चाळीस जणांनी हा एकच शब्द लिहिला. ते गाणं वाईट नव्हतं, भाची म्हणते. इथं शब्द आपली हद्द सोडतो, आणि हे ओळखायची एक साधी खूण आहे : क्रिंजच्या जागी ‘मला आवडलं नाही’ घालून पाहायचं. अर्थ तोच राहिला तर परकी लाज वगैरे काही नाही, नुसती नापसंती आहे आणि तिला निकालाचं रूप दिलं आहे. ज्याला खरंच क्रिंज होतं तो शक्यतो बघणं टाळतो. चाळीस जणांना पुढं पाठवत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिला पंधरा दिवस लागले. मधे तिनं मला फोन केला. मी तिला ऑस्ट्रेलियातल्या एका जुन्या निबंधाविषयी सांगितलं. ए. ए. फिलिप्स नावाच्या समीक्षकानं 1950 साली ‘कल्चरल क्रिंज’ असा शब्द वापरला होता. आपलं पुस्तक, आपलं नाटक, आपले उच्चार इंग्लंडच्या मानानं कमीच असणार, असं धरून चालणारा आणि म्हणून स्वतःच्याच गोष्टी पाहून अंग चोरणारा समाज, हे त्याचं दुखणं. उखाण्याची लाज मुलांना मामामुळं वाटली की बंगळूरच्या मैत्रिणींनी तो व्हिडिओ पाहिला तर काय, म्हणून वाटली, हे तिचं तिनं तपासायचं होतं. मी तिला उत्तर सुचवलं नाही.

तिनं तपासलं. आजीला लिहिलं की त्याच दिवशी नव्या वहिनीनं पण उखाणा घेतला होता, दोन ओळींचा, यमक ओढूनताणून आणलेलं, मधे अडखळली सुद्धा. आणि तो कोणालाही क्रिंज वाटला नाही, सगळ्यांनी अंग पुढं करून ऐकला. म्हणजे उखाणा नव्हे. मग मामाच्यात आणि वहिनीत काय वेगळं होतं? तिला एकच आठवलं : मामा प्रत्येक चार ओळींनंतर आमच्याकडे बघत होता. वहिनी बघत नव्हती. पत्राच्या शेवटी तिनं आजीला उलटा प्रश्न घातला होता. ‘तू पहिला उखाणा घेतलास तेव्हा कुठं बघत होतीस?’

आईचं उत्तर परवा आलं. या वेळी एकच पान आहे.

‘आशीर्वाद, विशेष. तुझं म्हणणं पटलं. संकोच घेणाऱ्याला झाला की ऐकणाऱ्याला होत नाही, असं मला त्यावरून वाटलं. मामाला मी तुझं पत्र दाखवलेलं नाही, पण लग्नात दोनच ओळी घे असं सांगितलं आहे आणि त्या मी निवडून दिल्या आहेत, त्याच्याच सोळांतल्या. चांगल्या आहेत, बाकीच्या चौदांत हरवल्या होत्या. तू विचारलंस ते आठवून बघितलं. गृहप्रवेशाला दारातच अडवलं होतं मला, तुझ्या आजोबांच्या आत्यांनी. मी उंबऱ्याकडे बघत होते. उंबऱ्यावर रांगोळीची पावलं काढलेली होती आणि मापाला पाय लागून त्यातलं एक पुसलं होतं, तांदूळ सांडले होते. नाव घेऊन होईपर्यंत मी ते पुसलेलं पाऊलच बघत होते.’